कार्ट सर्व्हरबाहेर नेताना

कोल्हापुरात, चप्पल लाईनपासून थोड्याच अंतरावर, कारागिरांच्या चपला ऑनलाइन विकणारा एक छोटा चमू काम करतो. दिवाळीच्या गर्दीसाठी त्यांनी दुसरा सर्व्हर जोडला आणि त्याच दिवशी तक्रारी सुरू झाल्या. आठ नंबरची कापशी चप्पल कार्टमध्ये टाकली, की पुढच्या पानावर कार्ट रिकामे दिसे. पान पुन्हा उघडले, की चप्पल परत हजर होई.

असे आलटून-पालटून दिसणे हीच या दोषाची खूण आहे. लोड बॅलन्सर प्रत्येक विनंती पाळीपाळीने दोन्ही यंत्रांकडे पाठवत होता, पण कार्ट मात्र पहिल्या यंत्राच्या मेमरीतच होते. रिकाम्या पानावर ग्राहकाने दुसरी चप्पल निवडली, की दुसरे यंत्र त्याला ओळखण्यासाठी ब्राउझरमध्ये ठेवली जाणारी नवी सेशन-कुकी देई आणि मग पहिले कार्ट कायमचे हातचे जाई.

पहिला उपाय म्हणून त्यांनी प्रत्येक ग्राहकाला एकाच यंत्राशी बांधून ठेवले. तक्रारी थांबल्या, पण गुंता सुटला नाही, कारण तिसरे यंत्र जोडले तरी जुने ग्राहक जुन्याच यंत्रांवर राहत आणि एखादे यंत्र काढले, की त्याच्यावरची सगळी कार्टे त्याच्याबरोबर जात.

मग त्यांनी सेशनची, म्हणजे ग्राहकाच्या भेटीची आणि कार्टची, माहिती रेडिस या सगळ्या यंत्रांना वापरता येणाऱ्या वेगळ्या साठ्यात नेली. ब्राउझरच्या कुकीत आता केवळ ओळख क्रमांक असतो. विनंती कोणत्याही यंत्राकडे गेली, तरी ते त्या क्रमांकाची नोंद रेडिसमधून वाचते. एका सेशनला सुमारे 2 केबी धरले, तर 20,000 ग्राहकांची माहिती साधारण 40 एमबीत मावते.

येथे एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका तिथेच होतात. संपूर्ण कार्ट वाचून, बदलून, पुन्हा लिहिले, तर दोन टॅबमधून एकाच वेळी आलेल्या विनंत्यांपैकी नंतर लिहिणारी आधीचीचा बदल पुसून टाकते. म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद ठेवून फक्त तिचाच आकडा वाढवला:

```
HINCRBY cart:7f3a kapshi-8 1
EXPIRE cart:7f3a 1800
```

दुसरी ओळ 1800 सेकंदांची, म्हणजे अर्ध्या तासाची मुदत प्रत्येक बदलाबरोबर नव्याने लावते.

माहिती सांभाळण्याची जबाबदारी यामुळे संपत नाही, ती रेडिसवर येते. त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवली, तरी ती किंचित मागे असू शकते आणि मूळ यंत्र अचानक बंद पडल्यास शेवटचे काही बदल गमावले जातात. कार्टच्या बाबतीत हे चालते. पैसे भरलेल्या ऑर्डरच्या बाबतीत चालत नाही, म्हणून ती थेट डेटाबेसमध्ये लिहिली जाते.

आता रात्री गर्दी ओसरली, की लोड बॅलन्सर एका यंत्राकडे नव्या विनंत्या पाठवणे थांबवतो, हातातल्या विनंत्या पूर्ण होऊ देतो आणि मग ते यंत्र बंद केले जाते. त्या क्षणी कार्टमध्ये कापशी चप्पल असलेल्या ग्राहकाला पुढचे पान उघडल्यावर ती तिथेच दिसते.