दहा रुपयांचं युनिट स्वस्त का नसतं

मगाशी समोरच्या काकांनी विचारलं, एका म्युच्युअल फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, १० रुपये आहे आणि दुसऱ्याची ३००, मग दहावाला घेतला तर त्याच पैशात युनिटं जास्त मिळतील आणि वाढायला वावही जास्त राहील ना? हा प्रश्न आधी घेतो, कारण नवा फंड बाजारात आला की याच हिशेबावर तो विकला जातो.

एनएव्ही येते कुठून, ते बघू. बाजार बंद झाला की फंडाकडच्या प्रत्येक शेअरची त्या दिवसाच्या बंद भावाने किंमत काढतात. त्यात रोकड आणि येणं मिळवतात, देणी आणि त्या दिवसाचा खर्च वजा करतात, आणि उरलेल्या रकमेला एकूण युनिटांनी भागतात. या आकड्यात मागणी-पुरवठा कुठेच नाही. उद्या कोणी त्या फंडात एक कोटी रुपये टाकले, तर त्याच्यासाठी त्या दिवसाच्या एनएव्हीने नवी युनिटं तयार होतात. रक्कम वाढते, त्याच प्रमाणात युनिटंही वाढतात, भागाकार तोच राहतो. तीनशेची एनएव्ही एवढंच सांगते की हा फंड जुना आहे आणि आतले शेअर बरेच वाढलेत. ते शेअर आज महाग आहेत की स्वस्त, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. दोन्ही फंडांकडे तेच शेअर त्याच प्रमाणात असतील आणि ते १० टक्के वाढले, तर दहाचे अकरा होतात आणि तीनशेचे तीनशे तीस. तुमच्या लाखाचे दोन्हीकडे एक लाख दहा हजारच.

मग फंड महाग कशाने होतो? खर्चाच्या प्रमाणाने, म्हणजे एक्सपेन्स रेशोने. याचं वेगळं बिल कधी येत नाही, म्हणून तो जाणवत नाही. वर्षाचा टक्का रोज थोडा थोडा कापला जातो आणि आपल्याला दिसते ती एनएव्ही कापणी झाल्यानंतरची. १.८ टक्के असेल, तर लाखामागे दिवसाला साधारण पाच रुपये. बाजार पडला त्या दिवशीही.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा फंड कंपन्यांनीच आपल्यासमोर ठेवलाय. १ जानेवारी २०१३ पासून सेबीच्या आदेशाने प्रत्येक योजनेत डायरेक्ट प्लॅन असतो. शेअर तेच, मॅनेजर तोच. फरक एवढाच, की रेग्युलर प्लॅनमधून वितरकाचं कमिशन जातं आणि डायरेक्टमधून जात नाही. समजा, रेग्युलरचा खर्च १.८ टक्के आणि डायरेक्टचा ०.७ टक्के आहे. दोन्ही दहा रुपयांना सुरू झाले आणि खर्चाआधीची वाढ वर्षाला १२ टक्के धरली. गणित सोपं राहावं म्हणून खर्च सरळ वजा करू: डायरेक्टला ११.३ टक्के मिळाले, रेग्युलरला १०.२. वीस वर्षांनी डायरेक्टची एनएव्ही सुमारे ८५ रुपये दहा पैसे होते, रेग्युलरची ६९ रुपये ७६ पैसे. सुरुवातीला लाख रुपये टाकणाऱ्याच्या हातात एकीकडे साडेआठ लाख, दुसरीकडे सातच्या जरा आत.

आता एकविसाव्या वर्षी नवा माणूस येतो, दोन्ही भाव बघतो आणि म्हणतो, सत्तरवाला स्वस्त आहे. त्याच्या लाखात रेग्युलरची साधारण १,४३३ युनिटं येतात आणि डायरेक्टची १,१७५. युनिटं अडीचशेहून जास्त मिळाली म्हणून तो खूश. पण तीच चाल राहिली, तर वर्षाने डायरेक्टमध्ये १,११,३०० रुपये होतात आणि रेग्युलरमध्ये १,१०,२००. कमी एनएव्ही दिसत होती ती जास्त खर्च कापला गेल्यामुळे. नेमका महाग प्लॅन त्याने स्वस्त समजून घेतला!

रेग्युलर घेणं चूक आहे, असं मी म्हणत नाही. बाजार पडल्यावर घाबरून विकायला निघालेल्याला थांबवणारा वितरक त्या टक्क्याची किंमत वसूल करून देतो. मात्र आपण ती मोजतोय, हे माहीत असावं. आणि हा रेशो म्हणजे सगळा खर्च नव्हे. एक्झिट लोड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी पैसे काढले तर कापली जाणारी रक्कम, त्यात नसतो. शिवाय इंडेक्स फंड, म्हणजे एखाद्या निर्देशांकातलेच शेअर ठेवणारा फंड, घेताना त्या निर्देशांकाच्या एकूण परताव्याच्या, म्हणजे लाभांश धरून केलेल्या वाढीच्या, तुलनेत फंड किती मागे पडला हेही बघा.

भाव बघणं खरोखर गरजेचं असतं ते ईटीएफमध्ये. ईटीएफ हाही फंडच, पण तो शेअरसारखा बाजारात विकला जातो, त्यामुळे तिथे मात्र मागणीने भाव चढू शकतो. परदेशी निर्देशांकांच्या ईटीएफमध्ये हे आपल्याकडे घडलंय. परदेशी गुंतवणुकीच्या मर्यादेमुळे फंडांना नवी युनिटं काढता येईनात, आणि घेणारे एनएव्हीच्या वर पैसे मोजू लागले. समजा, एनएव्ही १०० आहे आणि बाजारभाव ११२. मर्यादा सैल झाली आणि भाव १०० वर आला, तर आतला एकही शेअर न पडता जवळजवळ ११ टक्के गेले. म्हणून ईटीएफची ऑर्डर टाकण्याआधी फंड कंपनीच्या साइटवर दिवसभर बदलत राहणारी iNAV, म्हणजे त्या क्षणाची अंदाजे एनएव्ही, उघडा आणि बाजारभाव तिच्याशेजारी ठेवून बघा.