नोकरी सुटली, पण क्वार्टर?

नमस्कार, श्रोतेहो.

वडोदऱ्यात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या घरात आजोबा किंवा वडील यांनी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये संसार केलेला आहे. या शहरात राजवाडे आणि वाडे जितके आहेत, तितक्याच कंपन्यांच्या कॉलन्याही आहेत. अशा क्वार्टरमध्ये राहणाऱ्या कामगाराला कंपनीने बडतर्फ केले, तर त्याला तिथे किती दिवस राहता येते आणि त्यानंतरच्या मुक्कामाचे पैसे कंपनी कशी वसूल करते, हा आजचा विषय आहे. मी कामगारांची आणि कंपन्यांची, दोन्ही बाजूंची वकिली केलेली असल्यामुळे दोघांच्या चुका जवळून पाहिल्या आहेत.

बडतर्फ कामगाराला अमुक दिवस राहू द्यावे असे सर्व खासगी कंपन्यांना लागू होणारे कलम कुठल्याही कायद्यात नाही. मुदत शोधायची ती क्वार्टर वाटपाच्या पत्रात, कंपनीच्या निवास नियमांत किंवा स्थायी आदेशांत. तिथे बहुधा पंधरा दिवस किंवा महिना लिहिलेला असतो. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण निवासस्थानांच्या नियमांत बडतर्फीनंतर एक महिना दिलेला आहे आणि बऱ्याच कंपन्या तोच मापदंड उचलतात. पत्रात काहीच लिहिलेले नसेल, तर 1882 च्या सुखाधिकार कायद्याचे कलम 63 उपयोगी पडते. परवानगी रद्द झाल्यावर जागा सोडण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मिळाला पाहिजे, असे ते सांगते. वाजवी म्हणजे किती, हे प्रसंगावर ठरते. मुलांच्या परीक्षा चालू असतील तर न्यायाधीश थोडे नरम पडतात, पण वर्षभर राहणे मात्र कुणीही वाजवी म्हणत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्वार्टरसाठी पगारातून रक्कम कापली जात होती म्हणून आपण भाडेकरू झालो, असे अनेक कामगार धरून चालतात. पण घर नोकरीमुळे दिलेले असेल आणि पत्रात नोकरी असेपर्यंतच राहण्याची मुभा असेल, तर न्यायालये त्याला बहुधा भाडेकरार न मानता परवाना, म्हणजे केवळ राहण्याची परवानगी, मानतात. त्यामुळे भाडेनियंत्रण कायद्याचे संरक्षण सहसा मिळत नाही. उलट कंपन्यांचाही एक गैरसमज असतो. परवाना संपला म्हणजे सुरक्षारक्षक पाठवून सामान रस्त्यावर काढता येते, किंवा पाणी आणि वीज तोडून माणसाला हुसकावता येते, असे त्यांना वाटते. 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कृष्णा राम महाले खटल्यात स्पष्ट सांगितले की स्थिर ताबा असलेल्या माणसाला, त्याचा राहण्याचा हक्क संपलेला असला तरी, कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येते.

मग कंपनीच्या हातात काय असते? नोंदणीकृत कंपनीसाठी मोठे हत्यार म्हणजे 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 452. कर्मचाऱ्याने कंपनीची मालमत्ता गैरपणे अडवून ठेवली, तर कंपनीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फिर्याद करता येते. हे प्रकरण आपोआप पोलिसांकडे जात नाही. दंड कमीत कमी 1 लाख आणि जास्तीत जास्त 5 लाख रुपये आहे. त्याशिवाय न्यायालय ठरावीक मुदतीत घर परत देण्याचा हुकूम करू शकते आणि तो मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपण आता कर्मचारीच राहिलो नाही, तेव्हा हे कलम आपल्याला कसे लागेल, असा युक्तिवाद पूर्वी होत असे. जुन्या कायद्यातील याच स्वरूपाच्या कलम 630 खाली 1987 मध्ये बलदेव कृष्ण साही खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि माजी कर्मचारीही या कलमात येतो असे ठरवले. पुढे कामगाराच्या मृत्यूनंतर क्वार्टरमध्ये राहणाऱ्या वारसांनाही ते लागू झाले. मात्र मालक भागीदारी संस्था असेल किंवा एकट्याचा धंदा असेल, तर हे कलम चालत नाही आणि दिवाणी दावाच करावा लागतो.

कलम 452 ला 2020 च्या दुरुस्तीने एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे वाक्य, जोडले गेले आहे आणि माझ्या मते ते आजच्या विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. कंपनीने कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी किंवा अशाच कल्याण निधीची रक्कम दिलेली नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली, तर राहत्या घराच्या बाबतीत कैदेचा हुकूम करता येत नाही. आपल्याकडे नेमके काय होते, तर कंपनी म्हणते की क्वार्टर खाली करा, मग हिशोब देऊ, आणि कामगार म्हणतो की हिशोब द्या, मग किल्ली देतो. अशा वेळी हिशोब अडवणारी कंपनी स्वतःच्याच हत्याराची धार बोथट करते. मात्र कामगारानेही लक्षात ठेवावे की हे परंतुक कैदेपासून वाचवते, दंडापासून आणि नुकसानभरपाईपासून नाही.

आता एक कल्पित उदाहरण आकड्यांसह पाहू. मकरपुऱ्याच्या एका खासगी लिमिटेड कंपनीत 18 वर्षे काम केलेल्या फिटरला 10 मार्च 2024 रोजी चौकशीनंतर बडतर्फ केले. क्वार्टरसाठी त्याच्या पगारातून महिना 450 रुपये कापले जात होते. वाटपपत्रात 30 दिवसांची मुदत होती, म्हणजे 9 एप्रिलपर्यंत राहणे योग्यच होते आणि त्या काळाचे फक्त 450 च्या दराने देणे लागते, ते त्याने भरले असे धरू. त्यानंतर तो 9 जून 2025 पर्यंत, म्हणजे 14 महिने राहिला. वाटपपत्रात मुदतीनंतर महिना 12,000 रुपये दंडभाडे लिहिलेले होते, म्हणून कंपनीने 1,68,000 रुपये मागितले.

ही रक्कम जशीच्या तशी मिळत नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळते. दिवाणी न्यायालय विचारते की तेवढे घर बाजारात कितीला जाते. कंपनीने शेजारच्या सोसायटीतले दोन-तीन नोंदणीकृत भाडेकरार हजर केले आणि दर 7,500 रुपये निघाला, असे धरू. चौदा महिन्यांचे 1,05,000 रुपये झाले. पुरावा न आणता नुसता आकडा सांगणाऱ्या कंपन्या इथेच हरतात. मोडतोडीचा हिशोब वेगळा असतो. पंखा नाहीसा झाला असेल किंवा बेसिन फुटले असेल, तर त्याची किंमत देणे लागते, पण वीस वर्षांत उडालेल्या रंगाची किंमत कामगाराच्या माथी मारता येत नाही. समजा, ही मोडतोड 6,400 रुपयांची आहे. एकूण देणे 1,11,400 रुपये झाले.

आता दुसऱ्या बाजूला या फिटरची ग्रॅच्युइटी पाहू. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 20,800 रुपये असेल, तर 15 भागिले 26 या सूत्राने वर्षाचे 12,000 आणि 18 वर्षांचे 2,16,000 रुपये होतात. बडतर्फीने ग्रॅच्युइटी आपोआप बुडत नाही. दंगा, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा ठरावीक कारणांसाठी, किंवा मालमत्तेचे नुकसान केल्यास त्या नुकसानीपुरतीच ती जप्त होऊ शकते. 30 दिवसांत ती दिली नाही, तर सरकारने ठरवलेल्या 10 टक्के सरळ व्याजाने 14 महिन्यांचे आणखी 25,200 रुपये होतात. कामगाराच्या दोषामुळे उशीर झाला असेल तर व्याज टाळता येते, पण त्यासाठी नियंत्रक प्राधिकाऱ्यांची, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांची, लेखी परवानगी लागते आणि ती मागण्याचे कुणाला सुचत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत, पण इथे सांगितलेली मूळ रचना तीच आहे.

हे देणे ग्रॅच्युइटीतून परस्पर वळते करता येईल का, या प्रश्नावर काळजीपूर्वक बोलले पाहिजे. 2005 च्या ओएनजीसी प्रकरणात आणि डिसेंबर 2020 मध्ये स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दंडभाड्याची अशी वळती मान्य केली. पण त्या दोन्ही संस्थांचे त्याबाबत स्वतःचे नियम होते. ज्या खासगी कंपनीकडे असा नियमच नाही, तिने मनाने कपात केली, तर कामगार नियंत्रक प्राधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो आणि कंपनीची बाजू तिथे कमजोर असते. भविष्यनिर्वाह निधीला तर हात लावायचाच नाही, कारण न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेही त्यावर जप्ती येत नाही.

वरच्या उदाहरणात दोघांनी लेखी समझोता केला, तर कंपनीने 2,41,200 मधून 1,11,400 वजा करून 1,29,800 रुपये द्यायचे आणि त्याच दिवशी किल्ली घ्यायची, असा साधा हिशोब निघतो. दोन वेगवेगळ्या न्यायालयांत तो मिळायला कित्येक वर्षे लागतात.

कोयलीच्या रिफायनरीसारख्या केंद्र सरकारच्या कंपनीचे क्वार्टर असेल, तर वाट वेगळी आहे. तिथे 1971 चा सार्वजनिक जागांचा कायदा लागतो. केंद्र सरकारने नेमलेले संपदा अधिकारी नोटीस देऊन, म्हणणे ऐकून ताबा सोडण्याचा हुकूम करतात, नुकसानभरपाईही तेच ठरवतात आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. त्यांच्या हुकमावर जिल्हा न्यायाधीशांकडे 12 दिवसांत अपील करावे लागते. एवढी लहान मुदत असल्यामुळे गावी गेलेला माणूस परत येईपर्यंत ती निघून जाते.

शेवटचा प्रश्न बडतर्फीला आव्हान दिलेल्यांचा. कामगार न्यायालयात दावा चालू आहे, म्हणून क्वार्टरमध्ये राहण्याचा हक्क टिकत नाही. बडतर्फीला स्थगिती मिळाली असेल तरच टिकतो. पुढे बडतर्फी रद्द होऊन सेवासातत्यासह कामावर घेण्याचा निवाडा झाला, तर दंडभाड्याचा पायाच निघून जातो आणि 450 च्या दराने हिशोब पुन्हा करून मागता येतो. म्हणून दावा चालू असताना राहायचेच असेल, तर त्यासाठी अंतरिम हुकूम वेगळा मागावा, आणि तो मिळाला नाही तर मुदतीत घर सोडावे. सोडताना कंपनीच्या माणसासोबत खोल्या फिरून पंखे, नळ, दारे आणि वीजमीटरचा आकडा यांची यादी करावी, तारीख घालून दोघांनी सही करावी आणि किल्ली दिल्याची पोच घ्यावी. भाडे मोजायचे थांबते ते त्या पोचपावतीवरच्या तारखेला.

नमस्कार.