रकाना ठरतो आकड्याच्या उजव्या कडेला

नमस्कार मंडळी. विषय तुम्हाला माहीत आहे: बँक स्टेटमेंटची पीडीएफ स्प्रेडशीटमध्ये आणायची, पण कॉलम सरकू द्यायचे नाहीत आणि दोन नोंदी एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. इथे बसलेल्या प्रत्येकाने हे काम कधी ना कधी केलंय, त्यामुळे प्रस्तावना नको. दोन्हींबद्दल बोलेन, पण आधी कॉलम, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

पडद्यावर आपल्याला तक्ता दिसतो, पण बहुतेक स्टेटमेंटच्या फाइलमध्ये तक्ता नसतोच. फाइलमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की अमुक अक्षरं पानावर अमुक ठिकाणी छापा. मोजमाप पॉइंटमध्ये, एका इंचाचे ७२ पॉइंट. ‘१,५००.०० हा आकडा नावे रकान्यातला आहे’ असं कुठेही नोंदवलेलं नसतं. आणि रिकामा चौकोन? तिथे काही छापायचंच नसतं, म्हणून फाइलच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नाही. सगळं दुखणं या रिकाम्या चौकोनाचं आहे.

एक उदाहरण घेऊ. आधीची शिल्लक ४८,२००. मग १,५०० काढले, शिल्लक ४६,७००. मग १२,००० जमा झाले, शिल्लक ५८,७००. हा मजकूर कॉपी करून पेस्ट करा. पहिल्या नोंदीत १,५०० आणि ४६,७०० असे दोन आकडे, दुसरीत १२,००० आणि ५८,७०० असे दोन. पैसे गेले की आले, हे सांगणारी एकच गोष्ट होती, आकड्याची पानावरची जागा, आणि तीच आपण कॉपी करताना टाकून दिली!

यावर लोक म्हणतात, तक्ता ओळखणारी साधनं आहेत की. आहेत, चांगली आहेत, मी रोज वापरतो. पण माझी त्यांच्याबद्दल एक जुनी तक्रार आहे आणि ती आज सविस्तर मांडणार आहे. रेघा नसलेल्या तक्त्यात ही साधनं रकाने अंदाजाने ठरवतात, आणि तो अंदाज बहुधा दर पानाला नव्याने बांधतात. एका हिशेबनिसांकडे मी पाहिलेलं स्टेटमेंट सांगतो. पहिली दोन पानं सुरेख, पाच कॉलम: तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. तिसऱ्या पानावर योगायोगाने एकही जमा नोंद नव्हती. जमा रकान्याचं शीर्षकही फक्त पहिल्याच पानावर छापलेलं. मग साधनाला त्या पानावर चारच कॉलम सापडले. सगळी पानं एकाखाली एक जोडल्यावर तिसऱ्या पानावरची शिल्लक सरळ जमा रकान्यात जाऊन बसली. कुठेही त्रुटीचा संदेश नाही, फाइल दिसायला नीटनेटकी. हिशेबनीस जमेची बेरीज बघून चक्रावले आणि त्यांनी बँकेला पत्र लिहायला घेतलं होतं.

म्हणून माझा आग्रह असा की अंदाज साधनाला करू देऊ नका, रकान्यांच्या सीमा स्वतः मोजून द्या. मोजणं अवघड नाही. पायथनमधलं `pdfplumber` प्रत्येक शब्दाची जागा सांगतं:

```python
for w in page.extract_words():
    print(w["text"], w["x0"], w["x1"], w["top"])
```

`x0` म्हणजे शब्दाची डावी कड, `x1` उजवी, आणि `top` म्हणजे पानाच्या वरच्या कडेपासूनचं अंतर. आता आपल्याच उदाहरणातले आकडे बघा. १,५०० ची उजवी कड ३९२ वर आहे. त्याच रकान्यात खाली २५० आहे, त्याचीही उजवी कड ३९२. डाव्या कडा मात्र ३६१ आणि ३६८, कारण आकडा लहान झाला की डावी कड आत सरकते. जमेतल्या १२,००० ची उजवी कड ४६८, शिल्लक रकान्याची ५५५. स्टेटमेंटमध्ये रकमा सहसा उजवीकडे जुळवून छापतात. त्यामुळे रक्कम कोणत्या रकान्यातली हे `x1` वरून ठरवायचं. शीर्षकाच्या जागेवरून ठरवायला जाऊ नका, ते पुष्कळदा मधोमध किंवा डावीकडे छापलेलं असतं. ३९२ च्या आसपास दोन-तीन पॉइंट इकडेतिकडे, तर नावे. ४६८ च्या आसपास, तर जमा. हे एकदा मोजलं की त्याच नमुन्याच्या सगळ्या पानांना तेच लावायचं, पान भरलेलं असो वा अर्धं रिकामं. कोड लिहायचा नसेल तर `Tabula` आणि `Camelot` या साधनांच्या कमांड लाइनवरही कॉलमच्या सीमा हाताने देता येतात, तिथे त्या दोन रकान्यांमधल्या मोकळ्या जागेत ठेवा.

समोरून चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आलाय. नोंदी मिसळण्याचं थोडक्यात सांगतो.

तपशील लांब असला की तो दोन-तीन ओळींत मोडतो. साधा नियम असा: डाव्या रकान्यात तारीख असलेली ओळ म्हणजे नवी नोंद, बाकीच्या ओळी आधीच्या नोंदीच्या तपशिलाला जोडा. तारखेची जागाही तपासा, कारण तपशिलाच्या आतही तारखा असतात. काही स्टेटमेंटमध्ये मात्र तारीख नोंदीच्या मधोमध छापतात. तिथे हा नियम लावला तर तपशिलाची पहिली ओळ आधीच्या नोंदीला चिकटते. अशा वेळी `top` मधलं अंतर बघा. एकाच नोंदीतल्या ओळी दहाएक पॉइंटांवर असतील आणि दोन नोंदींमध्ये चौदा-पंधराचं अंतर असेल, तर तिथे कापा. पानाच्या तळाशी तुटलेली नोंद पुढच्या पानाच्या माथ्यावर पूर्ण होते, म्हणून आधी शीर्षक आणि तळटीप काढा, मग पानं जोडा.

आणि तपासणी केल्याशिवाय फाइल कोणालाही देऊ नका. C मध्ये नावे, D मध्ये जमा, E मध्ये शिल्लक असेल तर तिसऱ्या ओळीपासून खाली हे सूत्र ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3, 2)
```

सगळीकडे शून्य आलं पाहिजे. नाही आलं तर आलेला आकडाच बिघाड सांगतो. १,५०० नावेऐवजी जमेत गेले असतील तर ३,००० येतं, म्हणजे रकमेच्या बरोबर दुप्पट. मधली २५० ची नावे नोंद शेजारच्या नोंदीत विरघळून गेली असेल, तर बरोबर २५० येतं. स्टेटमेंटमध्ये नवी नोंद वर असेल तर आधी क्रम उलटा करून घ्या. सूत्रात `#VALUE!` आलं तर रक्कम मजकूर म्हणून आली आहे, स्वल्पविराम किंवा मागे चिकटलेलं Cr काढा. चुकीची तारीख किंवा भलत्या नोंदीला जोडलेला तपशील या सूत्राला कळत नाही, ते मूळ पानाशी डोळ्यांनीच ताडून पाहावं लागतं.

स्कॅन केलेल्या स्टेटमेंटचं विचारलंय. माउसने मजकूर निवडता येत नसेल तर पान म्हणजे चित्र आहे, आधी ओसीआर लागेल. तिथे ३ चा ८ होतो, पण तो रकमेत किंवा शिल्लकेत झाला असेल तर हेच सूत्र पकडतं. चुकलेली शिल्लक असेल तर लागोपाठच्या दोन ओळींत तोच फरक उलट चिन्हांनी दिसतो, चुकलेली रक्कम असेल तर एकाच ओळीत.