दहा मिनिटांच्या उशिरानं मागे गेलेलं वर्ष

(दृश्य : मध्यरात्रीची धावपट्टी, दोन्ही बाजूंना दिव्यांच्या रांगा.)

न्यूझीलंडमधलं ऑकलंड. ३१ डिसेंबर २०१७ ची रात्र. हवाईयन एअरलाइन्सचं ४४६ क्रमांकाचं विमान अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या होनोलुलूला निघायचं आहे. सुटण्याची वेळ रात्री ११:५५. पण त्याला दहा मिनिटं उशीर होतो आणि ते निघतं १२:०५ ला. बाहेर २०१८ साल लागून पाच मिनिटं झालेली असतात.

हे विमान होनोलुलूला उतरलं सकाळी १०:१६ वाजता. तारीख होती ३१ डिसेंबर २०१७.

निघालं २०१८ मध्ये, पोचलं २०१७ मध्ये. तेव्हा जगभर बातम्या झाल्या त्या याच वाक्याच्या. आपण मात्र जरा घड्याळाकडे बघू.

(दृश्य : शेजारी शेजारी दोन घड्याळं, खाली तारखेचे फलक.)

विमान निघालं त्या क्षणी होनोलुलूत किती वाजले होते? रात्रीचा १:०५. म्हणजे तिथलं घड्याळ ऑकलंडच्या फक्त एक तास पुढे. तारीख मात्र एक दिवस मागे. हिशेब एवढाच आहे : काटा तासभर पुढे सरकवायचा आणि कॅलेंडरचं पान एक उलटं फिरवायचं. प्रवास झाला ९ तास ११ मिनिटांचा. १२:०५ मध्ये तेवढे मिळवले की सकाळचे ९:१६ होतात. त्यात एक तास घाला, १०:१६. आता एक दिवस वजा करा.

दिवस वजा का करायचा? पूर्वेकडे जाताना दर पंधरा अंश रेखांशाला घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. असं करत पृथ्वीला पूर्ण फेरी मारली, तर चोवीस तास, म्हणजे अख्खा एक दिवस जास्तीचा जमा होतो. तो कुठेतरी परत करावाच लागतो. ती जागा म्हणजे आंतरराष्ट्रीय वाररेषा.

ही रेषा १८० अंश रेखांशावर आहे असं आपण शाळेत शिकतो. नकाशात बघा, ती सरळ नाहीच. तिचा मार्ग ठरवणारा कुठलाही आंतरराष्ट्रीय करार नाही. आपल्याकडे कोणती तारीख चालवायची हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो आणि रेषा त्याप्रमाणे वळते. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ या देशानं २०११ मध्ये बाजू बदलली, तेव्हा तिथे ३० डिसेंबर उगवलाच नाही. २९ नंतर थेट ३१. त्यामुळे या विमानानं रेषा नेमकी कितव्या मिनिटाला ओलांडली, याचं एकच एक उत्तर देता येत नाही. खाली अंधार आणि समुद्र. (खिडकीतून काही दिसलं असेल असं वाटत असेल, तर तो विचार सोडून द्या.)

(दृश्य : कॉकपिट, मंद उजेडातले पडदे.)

आणि वैमानिकासाठी? त्याच्यासाठी तारीख बदललीच नाही. विमानोड्डाणाचा कारभार यूटीसी या एकाच जागतिक वेळेवर चालतो. त्या वेळेनुसार विमान निघालं ३१ डिसेंबरला ११:०५ वाजता आणि उतरलं ३१ डिसेंबरलाच २०:१६ वाजता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच दिवस. स्थानिक वेळांची थेट वजाबाकी केलीत, तर प्रवासाचा वेळ निघतो उणे १३ तास ४९ मिनिटं. असा उणे आकडा आला की समजायचं, दोन वेगवेगळ्या कॅलेंडरांची वजाबाकी झाली आहे.

यंत्रंही इथे फसलेली आहेत. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेची एफ-२२ लढाऊ विमानं हवाई बेटांहून जपानमधल्या ओकिनावाकडे जात होती. वाररेषेपाशी त्यांच्या संगणकांनी मान टाकली आणि दिशा दाखवणारी यंत्रणा बंद पडली. इंधन भरणाऱ्या विमानांच्या मागोमाग ती कशीबशी हवाईला परतली. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता.

आता पुन्हा त्या दहा मिनिटांकडे. विमान वेळेवर, ११:५५ ला निघालं असतं, तर ३१ डिसेंबरला रात्री निघून ३१ डिसेंबरलाच सकाळी दहाच्या सुमाराला उतरलं असतं. घड्याळ मागे गेलं असतं, पण तारीख तीच राहिली असती, आणि सालही. तारीख मागे जाण्यासाठी या मार्गावर, एवढ्याच वेळाच्या प्रवासात, मध्यरात्र ते दुपारी पावणेदोन यांच्या दरम्यान निघावं लागतं. उशिरानं विमानाला ढकललं ते बरोबर त्या पट्ट्याच्या तोंडाशी, जेमतेम पाच मिनिटं आत.

(दृश्य : होनोलुलू विमानतळ, लख्ख ऊन.)

प्रवासी बाहेर आले तेव्हा सकाळ होती. २०१८ लागायला इथे अजून पावणेचौदा तास होते.