सेटच्या मोहात पडू नका
(जळगावात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलींनो, पहिली नोकरी लागली की आपण फुले मार्केटला जातो आणि तीन थ्री-पीस सेट घेऊन घरी येतो. कुर्ता, पँट, ओढणी, सगळं एकाच कापडाचं. नग झाले नऊ आणि पोशाख किती? तीनच. छापील पँट दुसऱ्या कुर्त्याखाली जात नाही, सेटची खरी अडचण ही आहे.

अमळनेरहून रोज रेल्वेने जळगावला एका पतसंस्थेत येणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. आठवड्याचे सहा दिवस काम. तिने आधी पँटी ठरवाव्यात, तीनच आणि तिन्ही बिनछापाच्या: गडद निळी, राखाडी, बिस्किटी. पांढरी नको, गाडीतल्या बाकावर तिचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. बिस्किटी घेताना कापडाच्या आत हात घालून बघा. बोटं दिसली तर अस्तर हवं.

मग पाच कुर्ते. नक्षी, रंग, हौस काय ती इथे. अट एवढीच, की प्रत्येक कुर्ता किमान दोन पँटींवर गेला पाहिजे. आमसुली, मोरपंखी, पांढऱ्यावर निळी बुट्टी, हे तीन तिन्हींवर जातात. अबोली पण जातो. मोहरी रंग मात्र बिस्किटीवर फिका पडतो, तो धरू नका. म्हणजे पाच त्रिक पंधरा, वजा एक, चौदा. कुर्ते सरळ कापाचे आणि साधारण एकाच लांबीचे घ्या, नाहीतर रंग जुळूनही खालची पँट विचित्र दिसते. ओढण्या दोन पुरतात, त्याही एकरंगी.

रंग दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. गडद निळा आणि काळा तिथे सारखेच दिसतात. दुकानदाराला सांगून कापड दाराबाहेर उन्हात न्या. लाजायचं काय त्यात?

आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, त्यामुळे कुर्ता एकदा घातला की धुवायलाच जातो. पाच कुर्ते मी त्याच हिशेबाने सांगितले: बुधवारी रात्री दोन धुतले की शनिवार निघतो. पँट दोनदा चालते. कापड सुतीच घ्या, पण सुती आटतं. शिवून घेणार असाल तर रात्रभर भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या आणि दोन्ही बाजूंना इंचभर माया सोडायला सांगा. गडद कापडावर ओला पांढरा रुमाल घासून बघा. रुमालाला रंग लागला तर तो कुर्ता पहिले काही वेळा वेगळाच धुवायचा. एरवी त्याच बादलीतली बिस्किटी पँट कायमची गुलाबी होते, आणि चौदातले चार पोशाख एका धुण्यात जातात.