मागे उरलेली लघवी

गेल्या वेळी बायकांना वारंवार होणाऱ्या मूत्रसंसर्गाबद्दल बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एका तरुणाने विचारलं, "डॉक्टर, बहिणीला उन्हाळी लागली तेव्हा तीन दिवसांच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं. मला तोच त्रास झाला तर कल्चर, सोनोग्राफी, वर धारेची तपासणी. असं का?" आजचं सगळं बोलणं त्याच्या या प्रश्नावरच आहे.

संसर्ग करणारे जंतू बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातले असतात, मुख्यतः ई. कोलाय. गुदद्वाराजवळच्या कातडीवरून ते मूत्रमार्गात शिरतात आणि वर चढतात. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा आणि त्याचं तोंड गुदद्वारापासून जवळ. पुरुषाचा मार्ग अठरा ते वीस सेंटिमीटर लांब, आणि तोंड बरंच दूर. शिवाय प्रोस्टेट ग्रंथीच्या स्रावात जस्ताचं प्रमाण भरपूर असतं, ते जंतूंना मानवत नाही. त्यामुळे पन्नाशीच्या आतल्या पुरुषाच्या मूत्राशयात जंतू पोचून तिथे मुक्काम ठोकतात, तेव्हा पहिला प्रश्न येतो की त्यांना तिथे राहू कोण देतंय? पन्नाशीनंतर प्रोस्टेट वाढू लागते, लघवी तुंबते आणि संसर्गाचं कारण बहुधा समोरच दिसतं. तरुण माणसात ते शोधावं लागतं.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ. वय चौतीस, मधुमेह नाही, कधी इस्पितळात राहिलेले नाहीत. लघवीला जळजळ, सारखं जावंसं वाटणं आणि थंडी वाजून ताप. दोन महिन्यांपूर्वीही हेच झालं होतं. तेव्हा लघवीचं कल्चर न करता पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, बरं वाटलं, विषय संपला. आता कल्चर केलं तर ई. कोलाय निघाले. लैंगिक संबंधातून होणारा मूत्रमार्गाचा दाह वेगळा. त्यात बहुधा मार्गातून स्राव येतो आणि त्याच्या चाचण्याही वेगळ्या असतात. ती शक्यता आधी तपासली, ती नव्हती.

ताप होता, म्हणजे संसर्ग मूत्राशयापुरता नव्हता. प्रोस्टेट किंवा मूत्रपिंडापर्यंत पोचला असावा असं धरून चालावं लागतं. इथे औषधाची निवड महत्त्वाची. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयातल्या साध्या संसर्गाला चांगलं, पण प्रोस्टेटच्या आत ते पुरेसं पोचत नाही. म्हणून आत शिरणारं आणि कल्चरमध्ये लागू पडलेलं अँटिबायोटिक दोन आठवडे दिलं.

ताप उतरल्यावर मी त्यांना विचारलं, "लघवीला किती वेळ लागतो?" ते म्हणाले, "जितका सगळ्यांना लागतो तितकाच." मी म्हटलं, घरी घड्याळ लावून बघा. पुढच्या खेपेला आले ते जरा गोंधळूनच. एक मिनिटाच्या वर लागत होता. निरोगी तरुणाला वीस-पंचवीस सेकंद पुरतात. धार वर्षानुवर्षं हळूहळू बारीक होत गेली की माणसाला तीच नेहमीची वाटू लागते. म्हणून "धार कशी आहे?" या प्रश्नाच्या उत्तरावर मी भरवसा ठेवत नाही, सेकंद विचारतो.

मग धारेची तपासणी केली, यूरोफ्लोमेट्री म्हणतात तिला. भरल्या मूत्राशयाने एका नरसाळ्यात लघवी करायची, खाली यंत्र दर सेकंदाला किती मिलिलिटर पडलं ते मोजत कागदावर आलेख काढतं. निदान दीडशे मिलिलिटर लघवी व्हायला हवी, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही. निरोगी आलेख घंटेसारखा. झपकन वर चढतो, सेकंदाला पंधरा-वीस मिलिलिटरच्या पुढे जातो आणि खाली येतो. यांचा आलेख सातवर चढला आणि टेबलासारखा सपाट चालत राहिला. असा सपाट आलेख दिसला की नळी कुठेतरी कायमची आवळलेली असावी हा संशय बळावतो. मूत्राशय कितीही जोर लावो, त्या फटीतून ठरावीकच बाहेर पडणार.

लगेच सोनोग्राफी केली. लघवी करून आल्यावरही आत १४० मिलिलिटर शिल्लक. एरवी ती पन्नासच्या आत असते.

या आकड्यावर थोडं थांबतो, कारण सगळी गोम इथेच आहे. समजा मूत्राशयात जंतू आहेत आणि ते तासाला दुप्पट होतात. दोन खेपांमध्ये चार तास गेले तर ते सोळा पट झाले. निरोगी माणसाच्या मूत्राशयात तीनशे मिलिलिटर जमले आणि लघवी करून दहा उरले, म्हणजे तिसावा हिस्सा जंतू मागे राहिले. सोळा पट वाढून ते पुन्हा आधीच्या निम्म्यावरच येतात. पुढच्या खेपेला आणखी निम्मे. लघवीच त्यांना धुऊन काढते. आता यांचं गणित घ्या. साडेतीनशे जमले, १४० उरले, म्हणजे पाचातले दोन हिस्से मागे. ते सोळा पट झाले की आधीच्या सहा पटींहून जास्त. हे ढोबळ गणित आहे, शरीराची इतर संरक्षणं यात धरलेली नाहीत. पण गोळ्यांनी बरं वाटून दोन महिन्यांत त्रास परत का आला, ते यातून कळतं. जंतू मेले, पण डबकं तसंच राहिलं.

अडथळा कुठे आहे ते पाहायला मूत्रमार्गात औषध सोडून एक्स-रे काढतात. संसर्ग चालू असताना तो करत नाही, कारण त्या दाबाने जंतू रक्तात ढकलले जाऊ शकतात. लघवी स्वच्छ झाल्याची खात्री करून तो केला. वृषणकोशामागच्या वळणावर, बल्बर भागात, मार्ग दीड सेंटिमीटरभर दोऱ्यासारखा झाला होता. स्ट्रिक्चर. मी विचारलं, लहानपणी कधी दोन्ही पाय फाकून कशावर आपटला होतात का? चौदाव्या वर्षी सायकलच्या दांड्यावर जोरात आपटले होते, लघवीतून दोन दिवस रक्त गेलं होतं. घरी कोणाला सांगितलंही नव्हतं. तो व्रण वीस वर्षं आवळत आला होता.

प्रत्येकात असंच काही निघतं असं नाही. कोणाला मूत्राशयात खडा असतो, कोणाला मूत्राशयाच्या नसांचा विकार, कोणाच्या प्रोस्टेटमध्ये जुना संसर्ग दबा धरून बसलेला असतो. काहींत सगळं तपासूनही रचनेत दोष सापडत नाही. तरुण पुरुषाला एकदाच, तापाशिवाय, साधा मूत्राशयाचा संसर्ग झाला आणि धार उत्तम असेल, तर पहिल्याच झटक्यात सगळे एक्स-रे काढावेत असं मी म्हणणार नाही. कल्चर मात्र दरवेळी हवं. ताप आला, त्रास परत झाला किंवा सेकंद जास्त लागले, तर कारण शोधल्याशिवाय फाइल मिटू नये.

स्ट्रिक्चर दुर्बिणीने आतून चिरता येतं, पण पुढे साधारण निम्म्या रुग्णांत ते पुन्हा आवळतं. यांचं वय आणि मार लागल्याचा इतिहास पाहून व्रणाचा तुकडा काढून दोन्ही टोकं जोडायची शस्त्रक्रिया केली. तिचा गुण दहापैकी नऊ जणांत टिकतो. तीन आठवडे कॅथेटर होता. तीन महिन्यांनी त्याच नरसाळ्यात आलेख काढला, तो बावीसवर गेला, मागे पंधरा मिलिलिटर उरले. वर्षाने पुन्हा बोलावलं आहे, आणि तोवर महिन्यातून एकदा घड्याळ लावून सेकंद लिहून ठेवायला सांगितले आहेत.