मांडवी, बापाच्या खांद्यावरून

(दृश्य: बडोदा, दांडिया बाजार. जुन्या वाड्याच्या माडीवरची खोली. फरशीवर ओळीनं मांडलेले ड्रॉइंगचे कागद.)

प्रश्न असा आहे. दिवाळीच्या आधीचे दिवस, संध्याकाळचे पाच. एक लहान मूल वडिलांच्या खांद्यावर बसून लहेरीपुरा दरवाज्याकडून मांडवीकडे, म्हणजे जुन्या शहरातल्या कमानींच्या मजली मंडपाकडे, निघालंय. त्या मुलाला जे दिसतं, ते काळ्या-पांढऱ्यात रेखाटा.

हा प्रश्न खऱ्या पेपरातला नाही. क्लासच्या मॅडमनी तो तयार केलाय, पण नाटाच्या दुसऱ्या प्रश्नाच्या धर्तीवर. नाटा म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर घेते ती परीक्षा. तिचा एक भाग संगणकावर होतो, दुसरा कागदावर. कागदावरच्या भागाला 2025 च्या नियमांप्रमाणे 90 मिनिटं आणि 80 गुण. त्यात तीन कामं. पहिलं रंगीत कंपोझिशनचं, 25 गुणांचं. दुसरं काळ्या-पांढऱ्या रेखाटनाचं, तेही 25 गुणांचं. तिसरं, केंद्रावर मिळालेल्या साहित्यातून त्रिमितीय रचना उभी करायची, 30 गुणांची.

मॅडम पहिल्याच दिवशी फळ्यावर एक भागाकार करून ठेवतात. 90 मिनिटं आणि 80 गुण, म्हणजे एका गुणाला सव्वा मिनिटापेक्षा थोडा कमी वेळ. 25 गुणांच्या रेखाटनाला 28 मिनिटं येतात. तिसाव्या मिनिटालाही हात पहिल्याच चित्रावर असेल, तर तुम्ही तिसऱ्या प्रश्नाचा वेळ खाताय, आणि जास्त गुण त्यालाच आहेत.

(दृश्य: बाकावर पसरलेलं साहित्य.)

साहित्य मोजकं. पेन्सिली, खोडरबर, कोरडे रंग आणि 15 सेंटिमीटरपर्यंतची पट्टी. पाण्याचे रंग नाहीत. जेईई मेनच्या आर्किटेक्चरच्या पेपरातही ड्रॉइंगचा भाग असतो. तिथे कंपास पेटी चालते, रंगीत पेन्सिली आणि क्रेयॉन चालतात, पाण्याचे रंग तिथेही नाहीत. कोरड्या रंगांची एक खोड मात्र ध्यानात ठेवावी लागते. खाली 4B चा गडद आराखडा असेल आणि त्यावर पिवळा फिरवला, तर शिसं रंगात मिसळतं आणि पिवळा मळकट, हिरवट दिसायला लागतो. म्हणून रंगाच्या प्रश्नाचा आराखडा HB नं, तोही हलक्या हातानं. गडद पेन्सिली दुसऱ्या प्रश्नासाठी राखून ठेवायच्या.

आता फरशीवरच्या कागदांकडे वळू. वीसएक कागद आहेत, आपण तीनच बघणार आहोत.

(दृश्य: पहिला कागद, जवळून.)

हा पहिला. रेषा बघा, काय आत्मविश्वास आहे! वडील पाठमोरे, त्यांच्या खांद्यावर मूल, मुलाच्या हातात आकाशकंदील, समोर मांडवी. शर्टाच्या चुण्यासुद्धा आल्यात. खोलीतल्या बहुतेक मुलांनी हाच कागद सगळ्यात चांगला म्हणून निवडला. मॅडमनी 25 पैकी 9 दिले.

"मॅडम, नऊ?"

"मुलाला काय दिसतं ते विचारलंय ना रे? मग मूल चित्रात आलं कुठून?"

प्रश्न दृष्टीचा होता आणि उत्तर बाहेरून पाहिलेल्या देखाव्याचं निघालं. परीक्षेच्या पुस्तिकेत दुसऱ्या प्रश्नाचं वर्णन दिलेलं आहे. इमारती, माणसं, परिसर, वस्तू असलेला प्रसंग डोळ्यांसमोर आणून काढता येतो का, आणि तो काढताना प्रमाण, पोत, छटा, सावली यांची समज दिसते का, हे बघायचं असतं. चित्र सुंदर आहे का, हा त्यातला प्रश्नच नाही. प्रसंग चुकला की चुण्या कितीही छान असोत, त्यांना गुण द्यायला जागा उरत नाही. मॅडमचे आकडे अर्थात मॅडमचेच. खऱ्या तपासणीत 9 चे 11 होतील किंवा 7 होतील, पण 20 होणार नाहीत.

(दृश्य: दुसरा कागद.)

दुसऱ्या कागदावर मूल नाही. समोर मांडवी, गर्दी, डाव्या हाताला शेव-उसळीची गाडी, वर लोंबणाऱ्या माळा. प्रश्न कळलाय. तरी काहीतरी खटकतं. दूरची माणसं खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसतात आणि जवळची रस्त्यावरून उचलल्यासारखी.

इथे मॅडम पट्टी घेऊन खाली बसल्या आणि पुढची पंधरा मिनिटं याच एका कागदावर गेली. ती पंधरा मिनिटं आम्ही फारशी कापलेली नाहीत.

आधी डोळ्याची उंची. वडील सर्वसाधारण उंचीचे, 1.65 मीटर धरा. त्यांचा खांदा साधारण 1.4 मीटरवर. त्यावर बसलेल्या लहान मुलाचे डोळे आणखी अर्धा मीटर वर. म्हणजे मूल जग बघतंय ते 1.9 मीटर उंचीवरून. जमीन सपाट असेल, तर क्षितिजरेषा बरोब्बर याच उंचीवर असते. कागदावर ती एकच आडवी रेषा, पण सबंध चित्र तिच्या ताब्यात असतं.

(दृश्य: मॅडम कागदावर क्षितिजरेषा ओढतात. मग जवळ, मध्ये आणि दूर अशा तीन उभ्या रेघा.)

आता रस्त्यावरचा कुठलाही उभा माणूस घ्या, 1.65 मीटरचा. त्याच्या पावलांपासून क्षितिजरेषेपर्यंतचं अंतर नेहमी 1.9 मीटर भरणार, तो जवळ असो की मांडवीच्या पायथ्याशी. त्या अंतराचे आठ भाग केले, तर माणूस सात भागांचा होतो आणि डोक्यावर एक भाग रिकामा राहतो. हे प्रमाण बदलत नाही. जवळच्या माणसाची पावलं कागदाच्या तळाशी येतील, दूरच्याची रेषेच्या अगदी जवळ. पण प्रत्येकाचं डोकं रेषेच्या खाली, आणि प्रत्येकाचं सात-आठमांश या हिशोबातच.

मूल रस्त्यावर पायांनी उभं असतं, तर उलट झालं असतं. त्याचे डोळे मोठ्या माणसांच्या कमरेच्या आसपास, म्हणून क्षितिजरेषा सगळ्यांच्या कमरेतून गेली असती आणि सगळी डोकी रेषेच्या वर. प्रश्नात "खांद्यावर बसून" हे शब्द उगाच घातलेले नाहीत. मुलाला गर्दी डोक्यांच्या वरून दिसते. ते कागदावर उतरतंय की नाही, याच्यासाठीच तो प्रश्न आहे.

दुसऱ्या कागदावर काय झालं होतं? मुलीनं दूरची माणसं लहान काढली, हे बरोबर. पण लहान करताना तिनं डोकी खाली आणली आणि पावलं जवळच्यांच्याच रेषेत ठेवली. मग ती माणसं दूर गेलीच नाहीत, नुसती बुटकी झाली. चूक ओळखायला सोपी आहे. कागद हातभर लांब धरा आणि दूरच्या माणसाच्या पावलांकडे बघा. ती जवळच्याच्या पावलांपेक्षा वर सरकलेली नसतील, तर माणूस जागचा हललेला नाही.

हाच नियम मांडवीलाही लागतो. मांडवीच्या चौकोनी मंडपाला प्रत्येक बाजूला तीन कमानी आहेत. समोरच्या कमानीतून पलीकडच्या कमानी दिसतात आणि तिथे बहुतेक जण अडखळतात. पलीकडची कमान लहान हवी, हे सगळ्यांना माहीत असतं. पण लहान कुठल्या बाजूनं? खांबांचा पाया डोळ्याच्या खाली आहे, म्हणून मागचा पाया वर सरकतो. कमानीचा माथा डोळ्याच्या वर आहे, म्हणून मागचा माथा खाली उतरतो. दोन्ही बाजू क्षितिजरेषेकडे येतात. मुलीनं फक्त माथे खाली आणले होते, पाया एकाच पातळीत. त्यामुळे आतली फरशी दिसायला जागाच उरली नव्हती.

मॅडमनी 14 लिहिले, आणि खाली लिहिलं, "रेषा आधी, माणसं मग."

(दृश्य: तिसरा कागद.)

तिसरा कागद पहिल्याइतका देखणा नाही. माणसांचे हात आखूड आहेत, मांडवीचे वरचे मजले घाईत उरकलेत. पण कागदाच्या तळाशी, अगदी काठावर, केसांचा एक पुंजका आहे आणि त्यात रुतलेल्या दोन छोट्या मुठी. बापाचे केस धरून बसलेलं मूल! बघणारा कोण आणि कुठे बसलाय, हे एका खुणेत कळतं. मुठींना फार तर एक मिनिट लागलं असेल.

आणि सावल्या. लहेरीपुरा दरवाजा मांडवीच्या पश्चिमेला आहे. तिकडून येणाऱ्याच्या पाठीशी संध्याकाळचं ऊन असतं. म्हणजे मांडवीची समोरची बाजू उजळ हवी आणि काळोख कमानींच्या आत. सावल्या बघणाऱ्यापासून पुढे पडणार. दिवाळीच्या सुमाराला सूर्य थोडा दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून त्या किंचित डावीकडे वळतील. लांबी उंचीच्या तिपटीहून जास्त. आणि जमिनीवरच्या त्या सगळ्या समांतर सावल्या क्षितिजरेषेवरच्या एकाच बिंदूकडे जातील. या मुलानं ते केलंय. इतकंच नाही, रस्त्यावर बापलेकाची मिळून एक लांबच लांब सावलीही टाकलीय. बाकीच्या कागदांवर सावल्या कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे, तर कुठे नुसता पायाखालचा काळा डाग.

या कागदाला 19.

पहिल्या कागदाचा मुलगा हिरमुसला, ते साहजिक आहे. त्याचा हात या खोलीत सगळ्यात तयार आहे, हे मॅडमही मानतात. त्यानं विचारलं, तपासणाऱ्याला इतकं सगळं बघायला वेळ तरी असतो का? मॅडमनी वीसही कागद भिंतीला टेकवून उभे केले आणि सगळ्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथून शर्टाच्या चुण्या दिसत नाहीत. उजळ मांडवी दिसते, काळ्या कमानी दिसतात, एका दिशेनं धावणाऱ्या सावल्या दिसतात. जिथे सगळंच सारख्या करड्या रंगात घोटलंय, तो कागद तिथून भिंतीत मिसळून जातो.

मग 28 मिनिटांची वाटणी पुन्हा झाली. तीन मिनिटं प्रश्न वाचून अंगठ्याएवढा कच्चा आराखडा. पाच मिनिटं क्षितिजरेषा, मांडवीचा सांगाडा, तीन-चार माणसांच्या जागा. बारा मिनिटं रेखाटन, सहा मिनिटं छटा आणि सावल्या, आणि शेवटची दोन कागद लांब धरून बघायला. पहिल्या मुलानं त्यातल्या त्यात घासाघीस करून रेखाटनाला पंधरा मिनिटं मागितली. मॅडम म्हणाल्या, घे, पण सावल्यांची सहा सोडून कुठूनही घे.

त्यानं कोरा कागद ओढला, आडवी रेषा मारली आणि तळाशी आधी केसांचा पुंजका काढायला घेतला. मॅडमनी लगेच अडवलं. "ती खूण त्याची. तू तुझी शोध."